हाफ डे पाहिजे, पण कोणता हाफ?

‘सर, उद्या हाफ डे पाहिजे होता. घरचं काम आहे.’

असा मेसेज तुम्ही कधी ना कधी पाठवलाच असेल. सरांनी ‘ओके’ म्हटलं की विषय संपला, असं आपल्याला वाटतं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला सर वर्गाबाहेर तुमची वाट बघतात, तेव्हा तुम्ही बँकेच्या रांगेत असता. किंवा उलटं होतं. सरांनी सकाळचे तास दुसऱ्याला दिलेले असतात आणि तुम्ही मात्र सकाळीच हजर! मग ‘अरे, तू तर सुट्टीवर होतास ना?’ हा प्रश्न येतो. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. मेसेजमध्ये एकच शब्द राहिलेला असतो, सकाळ की दुपार.

आपल्याकडच्या बोलण्यात हा घोळ आणखी वाढतो. ‘सर, मी दुपारच्याला येऊलालो,’ असं उदगीरचा पोरगा फोनवर सांगतो. त्याचा अर्थ बारा वाजता, की जेवणाच्या सुट्टीनंतर, की तीनच्या प्रॅक्टिकलला? ‘दुपारपर्यंत आहे’ आणि ‘दुपारपर्यंत येतो’ या दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे, पण एकात सकाळ हजर आहे आणि दुसऱ्यात सकाळ गैरहजर. घाईघाईत ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात.

कॉलेजात तास बुडाला तर फार तर हजेरी जाते, असं म्हणून आपण हे सोडून देतो. पण हीच सवय घेऊन जेव्हा आपण बी.एड.च्या आंतरवासितेला, एखाद्या ऑफिसात ट्रेनिंगला किंवा पहिल्या नोकरीवर जातो, तेव्हा अर्ध्या दिवसाचा हिशेब कागदावर होतो. म्हणून यावेळी आपण बी.एड.चंच उदाहरण घेऊ. कारण तिथे विद्यार्थी कॉलेजचा असतो, पण मस्टर शाळेचं असतं आणि अर्ज दोन्हीकडे द्यावा लागतो.

अर्धा दिवस नेमका कुठे तुटतो?

घड्याळाप्रमाणे शाळेचा मध्य काढायला गेलात तर चुकाल. साडेदहा ते पाच शाळा असेल तर मध्य पावणेदोनला येतो, पण पावणेदोनला कुठली घंटा वाजत नाही. दिवस तुटतो तो मधल्या सुट्टीपाशी. सरकारी कार्यालयांतही हेच तत्त्व आहे. केंद्र सरकारच्या नियमांत अर्ध्या दिवसाच्या नैमित्तिक रजेसाठी जेवणाची सुट्टी हीच विभागणारी रेषा धरली आहे. म्हणजे सुट्टीच्या आधीचा भाग एक अर्धा आणि नंतरचा भाग दुसरा अर्धा. दोन्हींचे तास समान असतीलच असं नाही.

आता ‘सकाळ सत्र’ हा शब्द घ्या. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेत ‘सकाळ सत्र’ म्हणजे सकाळची अख्खी पाळी, सात-साडेसात ते बारा-साडेबारा. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की पूर्ण दिवसच ‘सकाळची शाळा’ असतो. आणि कॉलेजात ‘सत्र’ म्हटलं की समोरच्याला पहिलं सत्र, दुसरं सत्र म्हणजे सेमिस्टर आठवतं. त्यामुळे नुसतं ‘सकाळ सत्र’ लिहून भागत नाही. पुढे कंसात ‘मधल्या सुट्टीपूर्वी’ किंवा ‘मधल्या सुट्टीनंतर’ लिहायचं आणि वेळ टाकायची. मग वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

शनिवारचं वेगळंच. बहुतेक शाळा शनिवारी एकाच सत्रात, सकाळी भरतात. तिथे मधली मोठी सुट्टीच नाही, तर अर्धा दिवस कुठे तोडणार? काही ठिकाणी शनिवारी अर्धी रजा देतच नाहीत. त्या दिवशी गैरहजर म्हणजे पूर्ण दिवस गेला. त्यामुळे शनिवारी हाफ डे मागायच्या आधी तिथली पद्धत विचारून घ्या.

एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा, बी.एड. दुसऱ्या वर्षाची एक छात्राध्यापिका उदगीरच्या एका शाळेत आंतरवासितेला आहे. तिला महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाच्या दाखल्यातली एक अडचण तहसील कार्यालयात जाऊन मिटवायची आहे. काम तास-दीड तासाचं. तिच्या शाळेची प्रार्थना साडेदहाला, पहिले चार तास १.२० पर्यंत, मग मधली सुट्टी, आणि २ ते ५ उरलेले चार तास.

पहिला प्रश्न, कोणता अर्धा दिवस सोडायचा? आपण सहसा ज्या वेळी कंटाळा येतो तो अर्धा सोडतो. तिने मात्र आधी वेळापत्रक काढलं. बुधवारी सकाळी दुसरा आणि तिसरा तास तिचा स्वतःचा आहे, आठवीचं गणित, आणि तिसऱ्या तासाला मार्गदर्शक पाठ निरीक्षणाला येणार आहेत. दुपारी फक्त सहावा तास सहावीच्या वर्गावर आहे. सकाळ सोडली तर दोन पाठ आणि एक निरीक्षण जातं, दुपार सोडली तर एक तास जातो. म्हणजे शाळेच्या बाजूने दुपार सोडणं बरं.

दुसरा प्रश्न, जिथे जायचंय तिथे त्या वेळी काम होतं का? राज्य सरकारच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला आणि वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ झाली. जेवणाची सुट्टी १ ते २ या तासात अर्ध्या तासाची असते. १.२० ला शाळेतून निघून लगेच खिडकीवर गेलं तर टेबल रिकामं मिळण्याची शक्यता जास्त. २ वाजता पोहोचलं की हातात चांगला वेळ राहतो. म्हणजे दुपार इथेही जमते.

हाच हिशेब दुसऱ्या कामाला लावला तर उत्तर बदलतं. दवाखान्याची ओपीडी सकाळची असेल तर दुपारचा हाफ डे फुकट जाईल. शनिवारी सकाळी शाळा बुडवून तहसीलला गेलात तर दाराला कुलूप दिसेल, कारण शनिवारी सरकारी कार्यालय बंद. याउलट, बँकेत खात्याला आधार जोडायचं असेल तर रजाच लागत नाही. शनिवारची शाळा सुटल्यावर जाता येतं, फक्त तो दुसरा किंवा चौथा शनिवार नको, कारण त्या दोन शनिवारी बँका बंद असतात.

आणि काही कामं अर्ध्या दिवसात बसतच नाहीत. जात पडताळणी समितीचं काम लातूरला. उदगीरहून लातूर साठ-सत्तर किलोमीटर, एसटीने एका बाजूचे दीड-दोन तास धरा. जाण्या-येण्यातच अर्धा दिवस संपतो. अशा वेळी ‘सकाळचा हाफ डे’ मागून दुपारी तीनला धापा टाकत येण्यापेक्षा सरळ पूर्ण दिवस मागावा. जिल्ह्याचं ठिकाण लांब असल्याचं दुःख उदगीरकरांना कोणी सांगायची गरज नाही, पण ते अंतर अर्जातही धरलं पाहिजे.

अर्ज कसा लिहायचा?

तिने मंगळवारी दिलेला अर्ज साधारण असा असेल:

दि. २० जानेवारी २०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापक

विषय: दि. २१ जानेवारी २०२६ (बुधवार) रोजी दुपार सत्रासाठी अर्ध्या दिवसाची रजा मिळणेबाबत

महोदय,
मी आपल्या शाळेत आंतरवासितेसाठी असलेली छात्राध्यापिका आहे. शिष्यवृत्तीसाठी लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्याच्या कामासाठी मला तहसील कार्यालय, उदगीर येथे जायचे आहे. त्यासाठी बुधवार, दि. २१ जानेवारी रोजी दुपार सत्राची (मधल्या सुट्टीनंतर, २.०० ते ५.००) रजा मिळावी. सकाळ सत्रात मी पूर्ण वेळ हजर राहीन व १.२० वाजता शाळेतून निघेन. माझा सहावा तास सहछात्राध्यापक घेणार असून त्यांची संमती घेतली आहे. गुरुवारी सकाळी नेहमीच्या वेळेत हजर होईन.

आपली विश्वासू,
(नाव, हजेरी क्रमांक, सही)

प्रत: मार्गदर्शक प्राध्यापक

यात अलंकारिक काहीच नाही. ‘सविनय विनंती’, ‘तरी कृपा व्हावी’ हे घातलं तरी चालेल, नाही घातलं तरी अर्ज अडत नाही. अडतो तो तीन गोष्टींनी. एक, सत्र विषयाच्या ओळीतच असावं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर दहा कागद असतात. ते विषय वाचून सही करतात आणि कारकून विषय वाचूनच मस्टरवर नोंद घेतो. खाली तिसऱ्या ओळीत लपलेलं ‘दुपारनंतर’ कोणाला दिसत नाही.

दोन, ज्या सत्राला हजर राहणार ते सुद्धा लिहावं. ‘सकाळ सत्रात हजर राहीन’ हे वाक्य जास्तीचं वाटतं, पण चूक इथेच पकडली जाते. समजा, विषयात चुकून ‘सकाळ’ पडलं आणि खाली ‘सकाळी हजर राहीन’ आलं, तर वाचणारा लगेच विचारेल. एकदाच लिहिलेली चूक तशीच मस्टरवर चढते.

तीन, कारण एका ओळीत आणि खरं. ‘घरगुती काम’ लिहिलं तर चालतं, पण ठिकाण लिहिलं की ते काम याच सत्रात का, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. खासगी कारण असेल तर ‘वैद्यकीय कारण’ एवढंच लिहा. तपशील द्यायची गरज नाही.

कॉलेजच्या मार्गदर्शकांना प्रत द्यायची आठवण ठेवा. शाळेने रजा दिली, पण कॉलेजला माहीतच नाही, आणि नेमके त्याच दुपारी प्राध्यापक शाळेत भेटीला आले, तर तुम्ही विनापरवाना गायब ठरता. अर्ज असूनही!

मस्टरवर पुढे काय होतं?

बऱ्याच ठिकाणी मस्टरवर येताना आणि जाताना अशा दोन वेळा सह्या असतात. सकाळची अर्धी रजा असेल तर पहिली जागा रिकामी दिसते, दुपारची असेल तर दुसरी. अर्जात सत्र लिहिलेलं नसेल तर या रिकाम्या जागेचा अर्थ दुसरेच लावतात. सकाळची जागा रिकामी असेल तर तो उशीर दिसतो आणि दुपारची रिकामी असेल तर न सांगता निघून जाणं दिसतं. दोन्ही गोष्टी रजेपेक्षा वाईट. केंद्र सरकारच्या कार्यालयांत तर विनापरवानगी उशिरालाही अर्धी नैमित्तिक रजा वजा होते. तासाभरापर्यंतचा उशीर, कारण पटलं तर, महिन्यातून दोनदा माफ होऊ शकतो. म्हणजे तुम्ही मागितलेली अर्धी रजा नीट नोंदली नाही तर ती वेगळी आणि ‘उशीर’ वेगळा, असा दुहेरी फटका बसू शकतो.

आता बी.एड.चा आकडा बघा. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार शालेय आंतरवासितेत किमान ९० टक्के हजेरी लागते. इतर अभ्यासक्रमासाठी ती ८० टक्के आहे. दुसऱ्या वर्षी आंतरवासिता १६ आठवड्यांची. सण-सुट्ट्या वजा जाऊन समजा ८० दिवस शाळा भरली. ९० टक्के म्हणजे ७२ दिवस. हातात उरले ८ दिवस, म्हणजे १६ सत्रं. त्या छात्राध्यापिकेच्या बुधवारच्या दुपारीने त्यातलं एक सत्र गेलं. पण सत्र न लिहिल्यामुळे पूर्ण दिवस गैरहजेरी लागली तर दोन सत्रं गेली. असं चार वेळा झालं की दोन पूर्ण दिवस विनाकारण गेले. आठातले दोन! आणि हे कळतं कधी, तर शेवटी हजेरीचा दाखला हातात आल्यावर. म्हणून महिन्याच्या शेवटी एकदा मस्टर बघून घ्या आणि अर्जाची पोच घेतलेली प्रत किंवा फोटो जपून ठेवा.

बी.एड. नाही, साधं बी.एस्सी. आहे, मग?

तरी हिशेब करा. कारण कॉलेजात दोन्ही अर्धे सारखे नसतात. समजा, सकाळी चार विषयांची चार लेक्चर्स आणि दुपारी एक प्रॅक्टिकल आहे. सेमिस्टरमध्ये एका विषयाची ४५ लेक्चर्स होत असतील तर ७५ टक्क्यांसाठी ३४ लागतात, म्हणजे ११ बुडाली तरी चालतं. प्रॅक्टिकल्स मात्र १२च असतील तर ९ लागतात, बुडवायला फक्त ३. सकाळ सोडली तर प्रत्येक विषयात ११ पैकी १ गेलं. दुपार सोडली तर ३ पैकी १ गेलं. ‘दुपारी तर एकच तास असतो’ म्हणून दर मंगळवारी दुपारीच हाफ डे घेणारा चौथ्या मंगळवारी अडकतो. तुमच्या कॉलेजचे आकडे वेगळे असतील, पण हा भागाकार पाच मिनिटांचा आहे.

प्रॅक्टिकल बुडणारच असेल तर अर्जात बॅचही लिहा आणि दुसऱ्या बॅचबरोबर ते करता येईल का, हे त्याच अर्जात विचारा. नंतर विचारलं तर बऱ्याचदा त्या प्रयोगाचं सामान आवरलेलं असतं.

बेत बदलला तर

सकाळची रजा घेतली आणि काम बाराला उरकलं. लवकर शाळेत आलात तर बसा, मदत करा, पण सकाळच्या रकान्यात सही करू नका. ती रजा मंजूर झालेली आहे. उलट, काम लांबलं आणि दुपारी पोहोचणं शक्य नाही, असं दिसलं तर मधली सुट्टी संपायच्या आत फोन करा आणि लगेच लेखी मेसेज टाका: ‘सर, आज २१ तारखेला सकाळ सत्राची रजा घेतली होती. काम न झाल्याने दुपार सत्रालाही येऊ शकत नाही. आजचा पूर्ण दिवस रजा धरावी.’ यात तारीख आहे, दोन्ही सत्रं आहेत आणि पूर्ण दिवस हा शब्दही आहे. दुसऱ्या दिवशी हाच मजकूर कागदावर द्यायचा.

बाहेरगावी जायचं असेल तर दोन अर्धे जोडूनही घेता येतात, सोमवारची दुपार आणि मंगळवारची सकाळ. हिशेबात एकच दिवस जातो आणि रात्र धरून जवळजवळ चोवीस तास मिळतात. इथे सत्र लिहिणं सर्वांत महत्त्वाचं, नाहीतर दोन्ही दिवशी पूर्ण गैरहजेरी लागेल. मात्र नोकरीत गेल्यावर दुपारच्या अर्ध्या रजेला लागून दुसऱ्या दिवसापासून मोठी रजा जोडता येईलच, असं समजू नका. नैमित्तिक रजा इतर रजांना सहसा जोडता येत नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ती ८च दिवस मिळते, त्यामुळे तिच्या अर्ध्या-अर्ध्याची नोंद काटेकोर असते.

सरकारी मराठीत यासाठी दोन छोटी अक्षरं आहेत, म.पू. आणि म.नं. म्हणजे मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हनंतर. बदली झालेला कर्मचारी कार्यमुक्त होतो किंवा नव्या जागी रुजू होतो, तेव्हा तारखेपुढे यातलं एक लिहितात. पदभार मध्यान्हपूर्वी सोडला तर तो दिवस पदग्रहण अवधीत धरला जातो, मध्यान्हानंतर सोडला तर अवधी दुसऱ्या दिवसापासून मोजतात. उद्या तुम्ही कुठे रुजू झालात तर रुजू अहवालात हीच अक्षरं तुम्हालाही लिहायची आहेत.

तोपर्यंत एक साधी चाचणी. अर्ज किंवा मेसेज पाठवायच्या आधी रूमवरच्या मित्राला वाचायला द्या आणि दोनच प्रश्न विचारा, ‘बारा वाजता मी कुठे असेन? आणि तीन वाजता?’ दोन्हींची उत्तरं त्याने तुम्हाला न विचारता बरोबर दिली, तर पाठवा. एकालाही तो अडखळला तर सत्र आणि वेळ पुन्हा लिहा.